खातं लॉक झालं की लगेच पासवर्ड बदलू नका : लॉकआउटमधल्या या चुका टाळा

ऑफिसच्या हेल्पडेस्कवर काम करताना एक तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकतो : "पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी घेत नाही." बहुतेक वेळा समोरचा माणूस खरंच बरोबर पासवर्ड टाकत असतो. खातं तात्पुरतं लॉक असताना बरोबर पासवर्डही नाकारला जातो, कारण तेव्हा सिस्टिम पासवर्डचा विचारच करत नाही. विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसची सगळी खाती आणि कॉम्प्युटर एकाच ठिकाणाहून सांभाळले जातात तिथे, निदान `The referenced account is currently locked out and may not be logged on to` असा स्पष्ट मेसेज येतो. अनेक वेबसाइट्स मात्र लॉक असतानाही "पासवर्ड चुकला" एवढंच सांगतात. मग माणूस घाबरतो, आपला पासवर्ड विसरलाच असं धरून चालतो आणि रीसेट करतो. पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

तात्पुरतं लॉक तीन आकड्यांवर चालतं. किती चुकांनंतर लॉक व्हायचं, किती वेळ लॉक राहायचं आणि चुकांची मोजणी किती वेळाने शून्यावर यायची. तुम्ही डोमेनमध्ये असाल तर हे तिन्ही आकडे कमांड प्रॉम्प्टवर स्वतःच बघू शकता, त्यासाठी अ‍ॅडमिन असावं लागत नाही :

```
net accounts /domain
```

त्यात `Lockout threshold`, `Lockout duration` आणि `Lockout observation window` या ओळी दिसतील. पहिल्या दोन सगळ्यांना कळतात. तिसरीकडे कोणी बघत नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोजणी शून्यावर येण्याची वेळ पहिल्या चुकीपासून धरत नाहीत, शेवटच्या चुकीपासून धरतात. ती 15 मिनिटं असेल आणि दर 10 मिनिटांनी कुठून तरी एक चुकीचा पासवर्ड येत असेल, तर मोजणी कधीच मागे येत नाही. एकेक करत ती चढतच जाते.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते हिशेब विभागातल्या एका बाईंच्या उदाहरणावरून सांगतो. आमच्याकडे तेव्हा 5 चुका, 15 मिनिटं लॉक आणि 15 मिनिटांची मोजणी अशी सेटिंग्ज होती. बाईंनी बऱ्याच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर, स्वतःच्या नावाने आणि पासवर्डने, एक शेड्यूल्ड टास्क लावून ठेवला होता. दर 10 मिनिटांनी तो शेअर्ड फोल्डरमधल्या फाइल्स कॉपी करायचा. तो आपण लावलाय हे त्या पार विसरून गेल्या होत्या.

सोमवारी मुदत संपली म्हणून त्यांनी पासवर्ड बदलला. टास्क जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहिला, पण दिवसभर काहीच झालं नाही. मंगळवारी सकाळी नवा पासवर्ड टाकताना त्यांच्या हातून सलग पाच चुका झाल्या आणि खातं लॉक झालं. 15 मिनिटं थांबल्या असत्या तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्यांनी रीसेट मागितला आणि आम्हीही तो लगेच करून दिला. बुधवारी सकाळपासून त्या बैठकीत होत्या, कीबोर्डला हातही लावला नव्हता. 12:45 ला परत आल्या तर खातं लॉक.

सोमवारी न झालेलं बुधवारी का झालं? विंडोज डोमेनमध्ये पासवर्डचा इतिहास ठेवलेला असेल, तर सध्याच्या पासवर्डच्या आधीचे दोन पासवर्ड चूक म्हणून मोजले जात नाहीत. लॉगिन नाकारलं जातं, पण मोजणी वाढत नाही. पासवर्ड बदलल्यावर कुठेतरी जुना राहून जातोच, हे धरून दिलेली ही सवलत आहे. सोमवारी टास्ककडचा पासवर्ड या सवलतीत बसत होता. मंगळवारच्या एका रीसेटमध्ये मात्र दोन नवे पासवर्ड झाले : आम्ही दिलेला तात्पुरता आणि तो टाकल्यावर बाईंनी ठेवलेला स्वतःचा. म्हणजे टास्ककडचा पासवर्ड आता तिसऱ्या जागी ढकलला गेला आणि त्याची प्रत्येक खेप चूक म्हणून धरली जाऊ लागली. घाईने केलेल्या रीसेटनेच ही सवलत संपवली होती, आणि त्यात आमचाही वाटा होता.

आता घड्याळ लावून बघा. टास्कच्या खेपा 10:00, 10:10, 10:20, 10:30 आणि 10:40 ला. पाचव्या चुकीला, म्हणजे 10:40 ला लॉक. 10:50 ची खेप बंद दारावर आदळली, ती मोजणीत आली नाही. 10:55 ला लॉक उघडलं. 11:00 ला पुन्हा एकपासून सुरुवात आणि 11:40 ला परत लॉक. मग 12:40. माणसाच्या चुका अशा ठरावीक वेळेला होत नाहीत. लॉक घड्याळासारखं येत असेल तर मागे यंत्र आहे असं समजा. मधेच कोणी बरोबर पासवर्डने नव्याने लॉगिन केलं तर मोजणी शून्यावर येते आणि ही लय सरकते, त्यामुळे ती दरवेळी इतकी स्वच्छ दिसेलच असं नाही.

अशा वेळी आणखी एक रीसेट काहीच सोडवत नाही. चुकीचा पासवर्ड कुठून येतोय ते शोधायला हवं. अ‍ॅडमिनने डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे डोमेनमधले पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट 4740 बघावा. त्यात `Caller Computer Name` या ओळीत त्या कॉम्प्युटरचं नाव असतं. आम्हाला तिथेच उत्तर मिळालं. मग त्या कॉम्प्युटरवर टास्क शेड्यूलर उघडून टास्कमध्ये नवा पासवर्ड भरला, आणि त्यानंतर खातं लॉक झालं नाही. टास्क सापडला नाही तर त्याच कॉम्प्युटरवर, त्याच खात्याने लॉगिन करून, साठवलेल्या पासवर्डांची यादी बघा :

```
cmdkey /list
```

तिथेही काही नसेल तर फोनमधलं मेल अ‍ॅप, ऑफिसच्या वाय-फायचा जतन केलेला पासवर्ड आणि कुठेतरी लॉगआउट न करता सोडलेलं सेशन तपासा. अ‍ॅडमिनपर्यंत लगेच पोचता येत नसेल तर फोन तासाभरासाठी फ्लाइट मोडवर टाकून बघा. लॉक यायचं थांबलं तर संशय फोनवर.

वेबसाइट्सचं थोडं वेगळं असतं. काही ठिकाणी खातं लॉक होतं, तर काही ठिकाणी फक्त तुमचं नेटवर्क किंवा ब्राउझर अडवला जातो. वाय-फाय सोडून मोबाइल डेटावरून एकदाच, नीट बघून पासवर्ड टाका. उघडलं तर खातं ठीक आहे, अडवलंय ते नेटवर्क. पण दहा वेळा करून बघू नका. काही साइट्स लॉक असतानाच्या प्रयत्नांनाही मोजतात आणि वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, काही ठिकाणी तर प्रत्येक पुढचं लॉक आधीच्यापेक्षा लांब असतं. थांबायचं तर पूर्ण वेळ थांबा, आणि मोजणी तुमच्या शेवटच्या प्रयत्नापासून धरा.

माझा स्वतःचा नियम असा : दोनदा चुकलं की हात बाजूला. कॅप्स लॉक बघायचा, कीबोर्डची भाषा मराठीवर राहिलीये का ते बघायचं, पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी वाचायचा आणि मग ती फाइल जतन न करता बंद करायची. तिसरा प्रयत्न त्यानंतर. मंगळवारी सकाळी बाईंच्या कीबोर्डची भाषाच बदललेली होती.