हेडलाइटला एलईडी टाकताय? आधी या चुका टाळा

गगनबावड्याच्या करूळ घाटात पावसात रस्ता दिसत नाही, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात येऊन 'पांढरा एलईडी बसवा' म्हणणारे गाडीवाले दर पावसाळ्यात भेटतात. बहुतेकांचा दोष बल्बमध्ये नसतोच. तरी आधी खरेदी, मग तपासणी हा उलटा क्रम काही सुटत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोक्यावरचे ल्युमेन, म्हणजे उजेडाच्या मापाचा आकडा, खरे मानणं. एच-४ हॅलोजन डिपरला ५५ वॅट खातो आणि १३.२ व्होल्टला साधारण १००० ल्युमेन देतो. टंगस्टनची तार तापवून मिळणारा हा उजेड असल्यामुळे बरीचशी वीज उष्णतेत जाते. झेनॉनमध्ये तारच नसते. त्याच्यासोबत येणारा बॅलास्ट नावाचा डबा सुरुवातीला वीस हजारांच्या आसपास व्होल्टचा झटका देतो, वायूत ठिणगी पडते आणि मग ३५ वॅटवर साधारण ३२०० ल्युमेन मिळतात, पण पूर्ण उजेड यायला काही सेकंद लागतात. एलईडीमध्ये चिप असते. ती लगेच पेटते, आणि चांगला बल्ब एका वॅटला शंभरच्या आसपास ल्युमेन देतो. आता '२०,००० ल्युमेन' छापलेला बल्ब पेटवा आणि वायरमध्ये अ‍ॅमीटर लावा. १३ व्होल्टला १.६ अँपिअर म्हणजे जेमतेम २१ वॅट. उजेड दोन हजार ल्युमेनच्या आसपास. छापील आकड्याचा दहावा भाग!

आणि ते दोन हजारही रस्त्यावर पडतीलच असं नाही. हॅलोजनचा रिफ्लेक्टर एका बारीक तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. तिच्यामुळेच वर जाणारा उजेड अडतो. एलईडीची चिप त्या जागेपासून मिलिमीटरभर जरी सरकली, तरी उजेड फिसकटतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो. तपासायला सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावा आणि डिपर पेटवा. उजेडाची वरची कड स्पष्ट हवी आणि हेडलाइटच्या मध्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर खाली हवी. कड विरघळलेली दिसली तर बल्बची कॉलर सैल करून चिपा बरोबर डावी-उजवीकडे येतील असा बल्ब फिरवा. तरीही कड येत नसेल तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरचा नाही, परत करा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन किट तर नकोच. तिथे उजेड तिप्पट आणि फिसकटलेला.

दुसरी चूक म्हणजे बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचतं का हे न तपासणं. ती जास्त वेळ खाते, कारण ती दिसत नाही. एक नेहमीची केस घ्या. जुनी छोटी गाडी, 'उजेड पिवळट आहे' ही तक्रार. इंजिन चालू, डिपर चालू ठेवून मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या पिनांवर ११.६. मधले सव्वादोन व्होल्ट जुन्या स्विचमध्ये, बारीक वायरमध्ये आणि गंजलेल्या अर्थमध्ये जिरले. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो, म्हणून १००० चे ६५० च्या आसपासच उरले. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला की आधी रिले टाका, म्हणजे छोट्या करंटवर चालून बल्बला थेट बॅटरीची वीज जोडणारा स्विच. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीवरून, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज घालून, अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणा. ८७ वरून बल्बला द्या, ८६ ला हेडलाइटची जुनी वायर, ८५ ला अर्थ. डिपर आणि अपर यांना वेगवेगळे रिले. बल्बची अर्थही तितक्याच जाड वायरने नवीन ओढा. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तेव्हा आधी टेस्टलॅम्पने खात्री करा. दोनशे-चारशे रुपये वाचवायला रिले टाळून १००/९० वॅटचा बल्ब घालणारे नंतर वितळलेला कपलर हातात घेऊन येतात.

'एलईडीने पेट्रोल वाचतं' हेही ऐकू येतं. दोन हॅलोजनचे ११० वॅट, दोन एलईडीचे चाळीसेक. वाचतात सत्तर वॅट, म्हणजे अल्टरनेटरची गळती धरूनही इंजिनावरचा भार अर्ध्या अश्वशक्तीच्या आतच कमी होतो. मायलेजमध्ये तो कळणार नाही.

बाकीचं थोडक्यात. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, लागलं तर स्पिरिटने पुसा. झेनॉन पेटलेला असताना कपलर काढू नका, आणि बल्ब बदलायचे तर दोन्ही बदला, नाहीतर रंग जुळत नाही. एलईडीच्या मागच्या पंख्याला हवा लागू द्या. रबरी बूट घट्ट दाबला की चिप तापून मंद होते. धुक्यात निळसर ६५०० केल्विनपेक्षा ४३०० च्या आसपासचा रंग डोळ्यांना सोपा जातो.

आणि काच पिवळी पडली असेल, तर आतला बल्ब कुठलाही असो, आधी ती पॉलिश करून घ्या.