ग्रुप सेल्फीत एकाचाच चेहरा मोठा का येतो? या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात आम्ही सात मित्र तोरणमाळला गेलो होतो. तिथल्या सीताखाई या दरीजवळ काढलेल्या पहिल्याच सेल्फीत फोन धरणाऱ्याचे नाक आणि कपाळ अवाढव्य आले, मागच्या तिघांची डोकी लिंबाएवढी झाली आणि कडेच्या मित्राचे डोके कोपऱ्याकडे ताणले गेले. तो फोटो पाहून म्हणाला, "मन्हं तोंड भोपयासारखं दिखस!" आम्ही सगळा दोष वाइड लेन्सला दिला, प्रत्यक्षात तेथे दोन वेगवेगळ्या चुका होत्या.

पहिली चूक अंतराची होती. हात पूर्ण ताणला तरी फोन चेहऱ्यापासून सुमारे दोन फुटांवरच राहतो. मागे उभा असलेला मित्र चार फुटांवर असेल, तर त्याचा चेहरा फोटोत निम्म्या आकाराचा येतो, आणि हे कोणतीही लेन्स लावली तरी बदलत नाही. दुसरी चूक मात्र खरोखरच लेन्सची होती, कारण सगळे मावावेत म्हणून आम्ही 0.5x निवडले होते आणि इतक्या रुंद लेन्समध्ये कडेची वस्तू बाहेरच्या बाजूस ताणली जाते.

कोणती चूक झाली आहे, हे ओळखण्यासाठी फोटो कापून फक्त मधला भाग ठेवावा. तरीही नाक मोठे आणि कान दडलेले दिसत असतील, तर फोन फार जवळ होता; चेहरे नीट दिसू लागले, तर दोष कडेचा होता.

हातात धरूनच फोटो काढायचा असेल, तर फोन आडवा धरावा, धरणाऱ्याने खांदा तिरका करून डोके मागच्यांच्या रांगेत न्यावे आणि इतरांनी फोनभोवती कमानीसारखे उभे राहावे, म्हणजे अंतरे जवळपास सारखी होतात. कडेला चेहऱ्याऐवजी खांदा किंवा सॅक येऊ द्यावी. मात्र दोन फुटांवर सामान्य सेल्फी कॅमेऱ्यात जेमतेम अडीच फूट रुंदी मावते, त्यामुळे सात जणांसाठी ही युक्ती अपुरीच पडते.

शेवटी आम्ही फोन एका दगडावर सॅकला टेकवून उभा केला, मागचा कॅमेरा 1x वर ठेवला आणि दहा सेकंदांचा टायमर लावला. चौघे सहा फुटांवर बसले, तिघे त्यांच्या मागे आठ फुटांवर उभे राहिले. मागच्यांचे चेहरे आता पुढच्यांच्या पाऊणपट आले. या पद्धतीत स्क्रीन दिसत नाही, म्हणून आधी एकाने फ्रेम पाहून दोन्ही टोकांना खडे ठेवले आणि सगळे त्यांच्या आतच राहिले. जागा कमी पडली, तर माणसांनी नव्हे, फोन सरकवायचा होता. दरीकडे पाठ करून मागे पाऊल टाकायला आम्ही सक्त मनाई केली होती.