२८० अक्षरांत विनोद वाचवायचा तर

एक्सवर २८० ची मर्यादा मराठीत लवकर भरते, कारण काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘पुरणपोळी’ दिसते पाच अक्षरी, मोजली जाते आठ. इमोजी दोन खातो.

१. हशा ज्या वाक्यावर आहे, ते आधी बाजूला काढा. त्याला हात लावायचा नाही.

२. मग कात्री सुरुवातीपासून चालवा.

मूळ: ‘आज खूप उत्साहाने पहिल्यांदाच पुरणपोळी करून बघितली, पण खरं सांगायचं तर ती इतकी कडक झाली की आई म्हणाली, "भिंतीला लाव गं, घड्याळ होईल."’

छाटून: ‘पहिली पुरणपोळी. आई म्हणाली, "भिंतीला लाव गं, घड्याळ होईल."’

‘कडक’ गेलं तरी चालतं, ते घड्याळच सांगतं.

फक्त तो ‘गं’ उडवू नका. मोकळी जागा धरून तीनच अक्षरं वाचतात आणि आई परकी वाटायला लागते.