ऑफिसातल्या शोकसभेत दोन-तीन मिनिटं बोलायचंय? आधी एवढं करून ठेवा

सहकारी अचानक गेला की ऑफिसात शोकसभा बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठरते, आणि बोलणाऱ्याला ते तासभर आधी कळतं, म्हणजे साहेब केबिनमधून बाहेर येऊन "तू त्यांच्या शेजारी बसायचा ना, दोन शब्द बोल" म्हणतात आणि निघून जातात. तो एक तास कसा वापरायचा ते सांगतो. भाषण चांगलं व्हावं ही अपेक्षाच नका ठेवू, चुकीचं काही बोललं जाऊ नये आणि माणूस डोळ्यासमोर यावा एवढं झालं तरी पुष्कळ.

सगळ्यात आधी आस्थापनेच्या टेबलावर जा आणि सर्व्हिस बुक बघून नाव लिहून घ्या, वडिलांच्या नावासकट. आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही ऑफिसात एका मजल्यावर चार पाटील, दोन महाजन आणि तीन चौधरी निघतात, त्यात सगळे त्यांना आप्पा, नाना नाहीतर भाऊ म्हणत असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं सोबत काम करूनही पूर्ण नाव येत नाही असं सर्रास होतं. नावाच्या खाली तीनच गोष्टी लिहा, पद, नोकरीला लागल्याचं साल आणि मूळ गाव. गावाचं नाव लिहायचं राहू देऊ नका, अमळनेरकडचे की रावेरकडचे हे इथे लोकांना लगेच लागतं आणि समोर गावाकडचं कोणी बसलेलं असलं तर तेवढ्यानेच त्याला बरं वाटतं. घरात मागे कोण कोण आहे ते मात्र सर्व्हिस बुकवरून घेऊ नका, ती माहिती जुनी असते. जवळच्या मित्राला फोन करून विचारा, कारण मुलीचं लग्न झालंय की नाही, वडील हयात आहेत की नाहीत, हे माईकवर चुकलं तर परत घेता येत नाही.

त्याच फोनवर विचारून टाका की घरचं कोणी येणारे का. येणार असेल तर तुमचं बोलणं बदलतं. नावाआधी काय लावायचं तेही तिथेच कळेल, कै. सगळ्यांना चालत नाही, बौद्ध घरात कालकथित म्हणतात, मुस्लिम घरात मरहूम, आणि खात्री नसली तर सरळ दिवंगत म्हणा, ते कुठेही चालतं.

आता कागद. मोबाईलवर वाचू नका, नेमका तेव्हाच कोणाचा तरी कॉल येतो किंवा स्क्रीन बंद पडते. ए-फोर कागदाच्या एकाच बाजूला मोठ्या अक्षरात लिहा, कारण डोळ्यात पाणी आलं की बारीक अक्षर दिसत नाही. अशा वेळी आपण सावकाश बोलतो, मिनिटाला शंभरेक शब्द धरा, म्हणजे दोन-अडीच मिनिटांसाठी दोनशे ते अडीचशे शब्द झाले, एक पानही भरत नाही. त्यापेक्षा जास्त होत असेल तर शेवटून कापू नका, सुरुवातीची "आज आपण सर्व अत्यंत दुःखद अंतःकरणाने येथे जमलो आहोत" वाली ओळ काढा, ती साहेबांनी आधीच म्हटलेली असते.

मधला भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच करतात. मनमिळाऊ, हसतमुख, कर्तव्यदक्ष, परोपकारी, हे चार शब्द आजवर प्रत्येक शोकसभेत प्रत्येकाबद्दल म्हटले गेलेत, जो कधी हसला नाही त्याच्याबद्दलही. विशेषण लिहिलं की स्वतःला विचारा, हे मला कशावरून कळलं? जे उत्तर येईल ते लिहा आणि विशेषण खोडा. समजा आवक-जावक बघणाऱ्या आप्पांबद्दल बोलायचंय. "आप्पा शेतकऱ्यांना मदत करायचे" असं लिहिलंत. कशावरून? तर त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक जास्तीचा चष्मा असायचा, वाचायचा, बसस्टँडवरून घेतलेला साधा, कारण पाणीपट्टीचं काम घेऊन येणारे म्हातारे लोक हमखास आपला चष्मा घरी विसरून यायचे आणि मग अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागायचा. झालं, तेच लिहा. मदतीचं नाव काढायची गरजच नाही. अशी गोष्ट एकच घ्या, दोन घेतल्या की दोन्ही पातळ होतात, आणि ती तुम्ही स्वतः बघितलेली असू द्या. ऐकीव किस्सा सांगितला आणि मागच्या रांगेतून "ते आप्पा नव्हते, ते स्टोअरवाले होते" असं कोणी पुटपुटलं तर सगळंच गेलं.

ते अहिराणीत बोलत असतील तर त्यांची एखादी ओळ तशीच घ्या, मराठी करून नका घेऊ. पण नक्कल नको, त्यांचा आवाज काढला की लोक हसतात आणि मग हसल्याचं त्यांनाच वाईट वाटतं. आणि तुम्हाला स्वतःला अहिराणी नीट येत नसेल तर ती ओळ आधी येणाऱ्याकडून म्हणवून घ्या, वाकडी बोललेली अहिराणी इथल्या माणसाला लगेच खटकते.

काय नको, त्यावर जरा थांबतो. अचानक गेलेल्या माणसाच्या सभेत प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, झालं कसं, आणि तोच प्रश्न माईकवर आणायचा नसतो. अटॅक होता, अ‍ॅक्सिडेंट होता, गाडी कशी चालवत होते, दवाखान्यात वेळेवर नेलं असतं तर, छातीत दुखतंय म्हणून आदल्या दिवशी म्हणाले होते, यातलं एक अक्षर नाही. शेवटचं तर अजिबात नाही, कारण घरचे ते ऐकून म्हणतात की मग तुम्ही आम्हाला फोन का नाही केला. मार्च एंडचं टेन्शन होतं, ऑडिट होतं, बदली अडली होती, हेही नको, खरं असलं तरी ती जागा वेगळी. "चांगली माणसं देवालाही हवी असतात" हे वाक्य ज्यांच्या घरचा माणूस गेलाय त्यांच्यासमोर म्हणू नका, लहान मुलं समोर असतील तर मुळीच नाही.

आणि पैसा. अनुकंपावर मुलाला लावून घेऊ, पीएफ-ग्रॅच्युइटी महिनाभरात काढून देऊ, अशी आश्वासनं भावनेच्या भरात फार दिली जातात आणि ती देणाऱ्याच्या हातात नसतात. अनुकंपाची यादी असते, कागदपत्रं असतात, वारसाचा प्रश्न असतो. वर्गणीचा आकडाही माईकवर नको. "ऑफिस तुमच्या पाठीशी आहे" एवढं मोघम बोलण्यापेक्षा कोण कागद बघणार हे आधी ठरवा, त्या माणसाला विचारा, आणि त्याचं नाव व नंबर घरच्यांना नंतर बाजूला घेऊन द्या.

आप्पांवरचं बोलणं मी असं लिहीन, वाचून बघा:

"आप्पा २००४ ला आपल्या ऑफिसला रुजू झाले, मूळचे अमळनेर तालुक्यातले. आवक-जावकचं टेबल त्यांच्याकडे होतं, म्हणजे या ऑफिसात आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या हातून गेलाय. मी त्यांच्या शेजारी बसायचो. त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक जास्तीचा चष्मा असायचा. त्यांचा नव्हता तो. कोणी म्हातारा माणूस चष्मा विसरून आला की आप्पा तो काढून द्यायचे आणि म्हणायचे, बठा ना बाबा, काय घाई शे. आणि तो माणूस स्वतःचा अर्ज स्वतः वाचून सही करायचा. सोमवारी एक बाबा आले होते, त्यांनी आप्पा कुठेत म्हणून विचारलं. मी त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ त्या खुर्चीजवळ उभे राहिले आणि मग गेले. वहिनी, नाना, तुमचं जे गेलं त्यापुढे आम्ही काय बोलणार. आप्पांचं काम आम्ही नीट सांभाळू. ऑफिसतर्फे त्यांना श्रद्धांजली."

शंभराच्या थोडे वर शब्द आहेत, सावकाश म्हटलं तरी दीड मिनिटाच्या आत होतं. कमी वाटेल, पण तीन-चार जण बोलणारेत हे लक्षात ठेवा. वहिनी, नाना ही हाक तुम्ही त्यांना आधीपासून मारत असाल तरच, नाहीतर "घरच्या सर्वांना" म्हणा.

लिहून झालं की जिन्यात किंवा रेकॉर्ड रूममध्ये जाऊन एकदा मोठ्याने वाचा, मनात नाही. गळा कुठे दाटतो ते तेव्हाच कळतं, तिथे पेनने आडवी रेघ मारा, सभेत तिथे आलात की थांबा, श्वास घ्या, पाण्याची बाटली हाताशी असू द्या. थांबलेलं लोकांना खटकत नाही. कागदाची एक झेरॉक्स शेजारच्याकडे देऊन ठेवा आणि त्याला सांगा की मी थांबून बसलो तर तू पुढचं वाच. बहुतेक वेळा गरज पडत नाही, पण तो कागद त्याच्याकडे आहे या भरवशावरच माणूस शेवटपर्यंत बोलतो.

हॉलचं थोडक्यात. फोटो ग्रुप फोटोतून कापलेला असेल तर खांद्यावर दुसऱ्याचा हात राहत नाही ना बघा. समईवर थेट पंखा नको, एप्रिल-मे असेल तर कूलर समोरून बाजूला वळवा, पूर्ण बंद केला तर पंधरा मिनिटांत लोक रुमालाने वारा घेत बसतील. घरच्यांच्या खुर्च्या फोटोच्या अगदी समोर न ठेवता जरा बाजूला, आणि त्यांना बोलायला सांगायचं नाही हे निवेदन करणाऱ्याला बजावून ठेवा. दोन मिनिटांचं मौन कोणीतरी घड्याळ बघून पाळलं पाहिजे, नाहीतर चाळीस सेकंदात खुर्च्यांचा आवाज सुरू होतो. काउंटरवर एक जण बसवा, बाहेरगावाहून एसटीने आलेला माणूस कुलूप बघून परत जायला नको.

शोकप्रस्ताव लेटरहेडवर टाईप होतो त्याच्यातलं नाव तुम्ही लिहून घेतलेल्या नावाशी ताडून बघा, कारण टायपिस्ट मागच्या वेळची फाईल उघडून त्यातच बदल करतो आणि खालच्या परिच्छेदात जुनं नाव तसंच राहतं. सही, गोल शिक्का, दोन प्रती, एक फाईलला आणि एक घरी. द्वारदर्शनाला वीस जणांचा घोळका नेऊ नका, दोघं-तिघं जा, गंधमुक्तीच्या आधी जा, त्या दिवशी गर्दीत तो कागद कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.