प्लॅन वाढवण्याआधी केबल तपासा : ९४ वर अडकणाऱ्या नेटसाठी तयारीची यादी

घरातलं फायबर कनेक्शन १०० वरून २०० किंवा ३०० एमबीपीएसवर न्यायचं ठरवलं असेल, तर पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ फायबरच्या बॉक्सपासून राउटरपर्यंत जाणाऱ्या केबलसाठी राखून ठेवा. १०० च्या प्लॅनवर खराब केबल बहुतेक वेळा उघडी पडत नाही. व्हिडिओ नीट चालतात, मीटिंगा नीट होतात आणि तो दोष वर्षानुवर्षं भिंतीत तसाच राहतो. प्लॅन वाढवला की तो समोर येतो, आणि तेव्हा सगळे कंपनीला नाहीतर राउटरला बोल लावत बसतात. माझ्या ताईकडे डोंबिवलीला हेच झालं. दोन महिने ती ३०० चे पैसे भरत होती आणि मोबाइलवर कधीही तपासलं तरी ९३-९४ च्या वर आकडा जात नव्हता. तेव्हा जे जे केलं, ते आधी करून ठेवण्याच्या क्रमाने इथे लिहितोय.

सुरुवात आकडा टिपून ठेवण्यापासून करा. राउटरच्या अगदी जवळ उभं राहून, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर किंवा लॅपटॉपला केबल लावून, सकाळी, दुपारी आणि रात्री असं तीनदा स्पीड तपासा. गर्दीमुळे किंवा वायफायमुळे नेट मंद असेल तर आकडे वेगवेगळे येतात : १४०, ६०, २१०. तिन्ही वेळा ९३ ते ९५ च्या आतच आकडा आला, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा जोड आहे असं जवळजवळ खात्रीने समजा. १०० ऐवजी ९४ दिसण्याचं कारण असं, की प्रत्येक पॅकेटसोबत पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पॅकेटांमधली मोकळी जागा जाते आणि तेवढी जागा तुमच्या डेटाला मिळत नाही. अजून प्लॅन १०० चाच असेल तर हा आकडा काहीच सांगणार नाही. मग थेट पुढच्या तपासणीकडे वळा.

त्यानंतर दोन्ही टोकांची उपकरणं बघा, कारण दोष केबलचा नसूही शकतो. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरना १०० चेच पोर्ट असतात, बाहेर खोक्यावर वायफायचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. मॉडेल नंबर शोधून पोर्टसमोर गिगाबिट लिहिलंय का ते वाचा. टीव्हीवर विसंबून निष्कर्ष काढू नका, महागड्या टीव्हीलाही बहुतेक वेळा १०० चाच पोर्ट असतो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये कुणी वेग १०० वर पक्का करून ठेवला असेल तर तो ऑटोवर आणा.

पोर्ट गिगाबिटचे आहेत हे कळलं की जोड किती वेगाने बांधला गेलाय ते विचारायचं. याला इंटरनेट चालू असण्याची गरज नाही. ज्या केबलवर संशय आहे तिचं एक टोक राउटरमध्ये आणि दुसरं लॅपटॉपमध्ये घाला. विंडोजवर पॉवरशेल उघडून पहिली ओळ टाइप करा, लिनक्सवर दुसरी (`eth0` च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव) :

```
Get-NetAdapter
ethtool eth0
```

विंडोजवर `LinkSpeed` च्या खाली `1 Gbps` दिसायला हवं, लिनक्सवर `Speed: 1000Mb/s`. तिथे `100 Mbps` किंवा `100Mb/s` आलं, तर दोष या दोन टोकांमध्येच आहे. तो बाहेरच्या फायबरमध्ये किंवा कंपनीकडे शोधण्यात अर्थ नाही.

केबल खराब असूनही जोड चालू कसा राहतो, हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढची तपासणी डोळसपणे होईल. केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या : केशरी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १०० एमबीपीएसला फक्त दोन जोड्या लागतात, प्लगमधल्या १-२ आणि ३-६ नंबरच्या तारा. गिगाबिटला चारही लागतात, प्रत्येक जोडीवर २५० एमबीपीएस, तेही दोन्ही दिशांनी एकाच वेळी. पण जोडणी होताना दोन उपकरणं आपसात जी पहिली बोलणी करतात, ती १-२ आणि ३-६ वरूनच होतात. म्हणून ४-५ किंवा ७-८ ची तार तुटलेली असली तरी बोलणी सुरळीत पार पडतात, दोघंही गिगाबिटला तयार होतात आणि मग प्रत्यक्ष सुरुवात करताना अडतात. काही प्रयत्न फसले की बहुतेक उपकरणं मुकाट्याने १०० वर उतरतात आणि पोर्टचा दिवा लागतो. वापरणाऱ्याला कुठलीही सूचना येत नाही. लिनक्सवर मात्र काही कार्डांच्या बाबतीत `dmesg` मध्ये `Downshift occurred` आणि शेवटी `check cabling!` अशी ओळ सापडते. ज्या उपकरणांना असं उतरता येत नाही, तिथे दिवा लागतच नाही किंवा सारखा लागतो-विझतो. प्लग घातल्यावर दिवा स्थिरावायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागत असेल, तर तीही खूणच आहे.

आता घरात काय आणून ठेवायचं ते. गिगाबिट देते अशी खात्री असलेली दीड-दोन मीटरची कारखान्यात बनलेली पॅच कॉर्ड, तीही दोन नग. केबल तपासायचा एक साधा टेस्टर, ज्यात मुख्य भागावर आणि दुसऱ्या टोकाच्या तुकड्यावर आठ-आठ दिवे असतात. छोटा स्क्रूड्रायव्हर, क्रिम्पिंगचा पक्कड, आठ-दहा आरजे-४५ प्लग आणि मोबाइलचा टॉर्च. भिंतीत सॉकेट असेल तर तारा बसवायचं पंचिंग टूलही घ्या.

सगळ्यात सोपी चाचणी टेस्टरशिवाय होते. राउटर उचलून फायबरच्या बॉक्सजवळ न्या आणि दोघांना पॅच कॉर्डने थेट जोडा. ताईचा बॉक्स हॉलमध्ये दारापाशी होता आणि राउटर आतल्या बेडरूममध्ये, मधली केबल भिंतीच्या पाइपातून गेलेली. राउटर हॉलमध्ये आणून जोडला आणि मोबाइलवर पहिल्याच फटक्यात २९० च्या आसपास आकडा आला. ताई म्हणाली, “म्हणजे कंपनी देतेय, घरातच अडतंय.” दोन महिन्यांच्या तक्रारींचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं. मग बेडरूमकडचं टोक टेस्टरमध्ये आणि हॉलकडचं दुसऱ्या तुकड्यात घातलं. दिवे क्रमाने लागत गेले : एक, दोन, तीन, मग दोन ठोके अंधार, मग सहा, सात, आठ. ४ आणि ५, म्हणजे निळी जोडी.

प्लग टॉर्चखाली धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून सहाच तारा पुढे आलेल्या दिसत होत्या, मधल्या दोन खाचा रिकाम्या. भिंतीवरचा पांढरा बॉक्स उघडला तर निळी आणि पांढरी-निळी तार शेजारच्या टेलिफोनच्या सॉकेटला स्क्रूखाली कसलेली होती. कधीकाळी लँडलाइन आत न्यायची होती, वेगळी वायर टाकायला पाइपात जागा नव्हती, म्हणून वायरमनने हीच जोडी दोन्ही टोकांना फोनकडे वळवली होती. नेट तेव्हा १०० च्या आतलंच होतं, त्यामुळे त्याचं काम त्या वेळी चुकीचं नव्हतं. लँडलाइन बंद होऊन बरीच वर्षं झाली, जोडी मात्र तिथेच राहिली. जुन्या घरांत हे बऱ्याचदा सापडतं, म्हणून भिंतीतल्या केबलचा बॉक्स उघडल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं धरू नका. तुमची लँडलाइन चालू असेल तर आधी तिच्यासाठी दुसरी वाट काढा, मग जोडी परत आणा.

दुरुस्ती म्हणजे दोन्ही टोकं कापून नवे प्लग लावणं. प्लगची खिटी मागे आणि तारा खालून वर जाताहेत असा धरला, तर डावीकडून क्रम असा : पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवा. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत जाऊन मागच्या खाचेखाली दाबलं गेलंय हे बघा. आवरण बाहेर राहिलं तर केबलचा सगळा ओढा त्या बारीक तारांवर येतो आणि काही महिन्यांत एखादी सुटते. इथे एका चुकीबद्दल मला आवर्जून सांगायचंय. केशरी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या शेजारी-शेजारी सरळ लावल्या तरी टेस्टरचे आठही दिवे व्यवस्थित लागतात, कारण टेस्टर फक्त तार अखंड आहे की नाही एवढंच बघतो. पण मग ३ आणि ६ वर वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा येतात, पिळाचा उपयोग संपतो आणि लांब केबलवर गिगाबिट टिकत नाही. म्हणून दिवे लागले तरी शेवटी `LinkSpeed` बघायचंच.

केबल बदलावीच लागली तर आवरणावर कॅट ६ छापलंय एवढ्यावर घेऊ नका. गिगाबिटला १०० मीटरपर्यंत चांगली कॅट ५ई पुरते. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये तार ॲल्युमिनियमची असते आणि वर तांब्याचा पातळ थर. कॅट ५ई आणि कॅट ६ च्या मानकांत अशी तार बसतच नाही. तिचा विद्युतरोध जास्त असतो, ती ठिसूळ असते, आणि प्लगच्या तोंडाशी दोन-चारदा वाकली की आतून तुटते. दुकानात तुकडा मागून घ्या आणि एका तारेचं टोक ब्लेडने खरवडा. तांबं सगळीकडे लालसर दिसलं तर ठीक, आत चंदेरी दिसलं तर ठेवून द्या. कॅमेऱ्यासाठी याच केबलमधून वीजही न्यायची असेल तर ॲल्युमिनियम अजिबात नको, ती जास्त तापते. बाजारात दोनच जोड्यांच्या, चार तारांच्या केबलीही मिळतात. त्या गिगाबिट कधीच देणार नाहीत.

पाइपातून नवी केबल ओढताना जुनीच्या टोकाला नवी बांधून ओढा, पण तारा ताणू नका आणि कोपऱ्यात केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा घट्ट वळवू नका. दाराच्या फटीतून, पलंगाच्या पायाखालून गेलेली केबल असेल तर तपासताना तिथे हाताने हलवून बघा आणि त्याच वेळी दुसऱ्याला दिव्याकडे लक्ष ठेवायला सांगा.

ताईकडे दोन्ही प्लग नव्याने लावले, निळी जोडी परत आली, राउटर बेडरूममध्ये जागेवर गेला आणि लॅपटॉपवर `1 Gbps` दिसलं. बॉक्सचं झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला तारीख आणि ‘चारही जोड्या नेटला, फोन नाही’ असं मार्करने लिहून ठेवलं.