फोमबोर्डची मोठी अक्षरं: कडा आणि टेकू

स्नेहसंमेलनाच्या स्टेजवर 5 मिमी फोमबोर्डची दोन फुटी अक्षरं पंख्याच्या वाऱ्यानेही झुकतात.

1. दोन बोर्ड फेविकॉलने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा, मगच कापा.
2. कटर उभा धरून तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापा: आधी वरचा कागद, मग फोम, शेवटी खालचा. फोमचे दाणे निघू लागले की पात्याचं टोक मोडा.
3. शब्द शिरोरेषेसकट अखंड ठेवा. मागे निम्म्या उंचीचे काटकोनी टेकू लावा. 'त', 'प' एका दांड्यावर उभे असतात, म्हणून टेकू त्या दांड्यामागेच हवा.
4. कडांना पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात द्या. वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक रंग लावा.

स्प्रेपेंट टाळाच, त्यातल्या द्रावकाने उघडा फोम विरघळून कडांना खड्डे पडतात.