सॅलन-की फिल्टरचा Q ऑसिलोस्कोपवर कसा ओळखावा

एकपट गेनच्या सॅलन-की लो-पास फिल्टरमध्ये दोन्ही रेझिस्टर सारखे ठेवले, तर Q फक्त कपॅसिटरच्या गुणोत्तरावर ठरतो:

```
Q = 0.5 × √(C1/C2)
```

C1 आउटपुटकडून परत येणारा, C2 ग्राउंडला जाणारा. दोन्ही सारखे घेतले की Q 0.5 येतो आणि f0 ला सिग्नल निम्मा, म्हणजे −6 डीबी होतो. अनेकांना तिथे −3 डीबीच अपेक्षित असतं, पण ते Q 0.707 असतानाच मिळतं.

10 किलोओहमचे रेझिस्टर, C1 22 नॅनोफॅरड, C2 10 नॅनोफॅरड घ्या. f0 साधारण 1073 हर्ट्झ, Q 0.74, उंचवटा जेमतेम 0.04 डीबी, म्हणजे नसल्यासारखाच. आता C1 100 नॅनोफॅरड केला, तर Q 1.58 होतो, f0 503 हर्ट्झवर उतरतो आणि 450 हर्ट्झच्या आसपास 4.4 डीबीचा उंचवटा येतो. चौकोनी लहर दिली की प्रत्येक कडेनंतर आउटपुट झुलताना दिसतं.

तपासायला साइन लहर द्या आणि आउटपुट इनपुटच्या बरोबर 90 अंश मागे पडेपर्यंत वारंवारता फिरवा. तीच f0. तिथे आउटपुटला इनपुटने भागलं की थेट Q मिळतो. ऑप-अँप पुरेसा वेगवान मात्र हवा.